मुनिया काठाच्या पैठणीवर तीन ब्लाउज-स्केचेस: कुठलं शिवायला द्यावं?

लग्नसराईत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी साडीसोबत दोन-तीन स्केचेस घेऊन येतात. प्रश्न ठरलेला असतो: "ताई, यातलं कुठलं करू?" कागदावर तिन्ही सुंदरच दिसतात. खरा निर्णय स्केचमध्ये नसतो, साडीच्या काठात आणि ब्लाउज पीसमध्ये असतो. म्हणून इथे एकच साडी घेऊन तीन स्केचेस शेजारीशेजारी ठेवून पाहू. तुमची साडी वेगळी असली तरी मापं घ्यायची पद्धत हीच राहील.

साडी आहे जांभळी, हातमागावरची येवल्याची पैठणी. काठ साडेतीन इंच रुंद आणि सोनेरी जरीचा. त्यात मुनिया, म्हणजे छोट्या हिरव्या पोपटांची रांग. ब्लाउज पीस साडीलाच जोडून विणलेला, अंगाचा रंग जांभळा, काठ दोन्ही बाजूंना. नेसणारीची मापं अशी: छाती ३६, ब्लाउजची उंची १४, पूर्ण खांदा १४, बाही कोपरापर्यंत.

तीन स्केचेस अशी आहेत. पहिल्यात पुढे बोट नेक, मागे मोठा मटका गळा, वर दोरी आणि लटकन. दुसऱ्यात पुढे-मागे चौकोनी गळा आणि मागच्या चौकोनाला तिन्ही बाजूंनी काठाची चौकट. तिसऱ्यात पुढे पानगळा, मागे लहान गोल गळा आणि तिथून थेट कमरेपर्यंत काठाची उभी पट्टी. तिन्हींच्या बाह्यांना खाली काठ आहेच.

आधी काठ मोजा

ब्लाउज पीस ८० सेंटिमीटरचा म्हणून येतो. म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. कडेचे सुटलेले धागे सोडले की हाताशी ३१ इंच उरतात. कधी पीस ७५ सेंटिमीटरचाच भरतो, म्हणून टेप लावल्याशिवाय स्केच पक्कं करू नका. काठ साडीच्या लांबीच्या दिशेनं धावतो, त्यामुळे पीसच्या एका कडेला ३१ इंच आणि दुसऱ्या कडेला ३१ इंच, एवढाच काठ आपल्याकडे आहे. काही साड्यांच्या पीसला काठ एकाच बाजूला असतो. तसं असेल तर पुढचं अर्धं गणित तिथेच संपतं.

या काठातला पहिला वाटा बाह्यांचा. एका बाहीला दंडाशी, शिवणीची माया धरून, १५ इंच रुंदी लागते. दोन्ही बाह्या एकाच कडेवर शेजारीशेजारी मांडल्या तर ती कड जवळजवळ पूर्ण संपते आणि दुसऱ्या कडेचा सलग ३१ इंच काठ मोकळा राहतो. बहुतेक टेलर असंच कापतात, कारण कापड नीट बसतं आणि वेळ वाचतो.

पण या काठात पोपट आहेत आणि पोपटाला चोच असते. या साडीतले सगळे पोपट एकाच दिशेला तोंड करून चालले आहेत. दोन्ही बाह्या एकाच कडेतून काढल्या तर डाव्या बाहीवरचे पोपट पुढे बघतात आणि उजव्या बाहीवरचे मागे, किंवा याच्या उलट. हात जोडून उभी राहिली की हे लगेच लक्षात येतं आणि लग्नाच्या फोटोत कायमचं राहतं. उपाय सोपा आहे. एक बाही एका कडेतून आणि दुसरी समोरच्या कडेतून काढायची. दोन्ही कडांचे काठ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे विणलेले असतात, त्यामुळे दोन्ही बाह्यांवरचे पोपट पुढेच बघतात. या मांडणीत प्रत्येक कडेला १६-१६ इंच काठ उरतो. एकूण उरलेला काठ जवळपास तेवढाच, फक्त तो सलग नसून दोन तुकड्यांत असतो. कुठलं स्केच जमेल हे याच फरकावर ठरणार आहे.

खऱ्या हातमागाच्या पैठणीत आणखी एक सोय असते. तिची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असते, कारण नक्षीचे रंगीत धागे मागे लोंबत ठेवलेले नसतात. गरज पडली तर काठ उलटा करूनही वापरता येतो. यंत्रमागाच्या साडीत मागे धागे सुटलेले दिसतात, तिथे ही सोय नाही. काठ पालथा घालून बघितलात की कुठली साडी आहे ते कळेल.

अंगाचं कापड मात्र बेताचंच बसतं. पाठीला सुमारे वीस इंच रुंदी हवी, पुढच्या दोन भागांना अकरा-अकरा. दोन्ही बाह्या वेगवेगळ्या कडांतून काढल्या की पुढच्या एका भागाची उंची अर्धा-पाऊण इंच कमी पडते आणि कमरेची पट्टी वेगळी जोडावी लागते. ती साडीत खोचली जाते, त्यामुळे दिसत नाही. टेलर "कापड पुरत नाही" म्हणाले तर आधी या पट्टीबद्दल विचारा.

पहिलं स्केच: बोट नेक आणि मटका

तिघांत सगळ्यात आधी नजर जाते ती याच्याकडे. मटक्याचा घेर, वरची दोरी, खाली डोलणारे लटकन. आता पुढचं आणि मागचं चित्र एकमेकांना जोडून पाहा. पुढच्या चित्रात बोट नेकची रुंदी खांद्यापाशी नऊ इंच आहे. खांदा १४, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांची खांदापट्टी उरते. मागच्या चित्रात मटक्याचं तोंड वर पाच इंच आहे, म्हणजे पट्टी साडेचार इंचांची. खांद्याची शिवण एकच असते आणि तिथे पुढची-मागची पट्टी सारखीच हवी. हे स्केच तसंच्या तसं शिवताच येत नाही. पुढची आणि मागची बाजू वेगवेगळ्या काढणाऱ्याच्या हे लक्षात राहत नाही, आणि मग टेलर आपल्या मनानं मधला मार्ग काढतो. गळ्याची रुंदी सात इंच धरली जाते, बोट नेक अर्धवट होतो, मटकाही पसरतो. घरी आल्यावर "चित्रातल्यासारखं झालं नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथे जन्मते.

सात इंचांवर समाधान मानलं तरी दुसरी अडचण उरते. पुढे रुंद गळा आणि मागे खोल गळा एकत्र आले की खांद्यावर ब्लाउजला धरून ठेवणारं काही राहत नाही आणि तो घसरतो. मागची दोरी तेव्हा शोभेची राहत नाही, सगळा भार तिच्यावर येतो. ती खांद्यापासून दीड-दोन इंचांवर बसवावी लागते आणि घट्ट बांधावी लागते. जेवणाच्या पंगतीत वाढायला वाकलात की ती सैल पडणार. शिवाय बोट नेकला पुढून हुक लावले तर त्याची सरळ रेघ मध्ये तुटते, म्हणून हुक मागे घ्यावे लागतात. ते लावायला दुसऱ्याचा हात हवा.

आता काठ. या स्केचमध्ये मटक्याच्या गोलाईभोवती काठ फिरवलेला दाखवला आहे. इथे मी प्रत्येकीला थांबवते. काठ ही सरळ विणलेली पट्टी आहे. ती अर्धवर्तुळात वळवली की बाहेरच्या कडेला आतल्या कडेपेक्षा जास्त लांबी लागते. पावणेदोन इंच रुंदीची पट्टी अर्ध्या वर्तुळात फिरवली तर हा फरक साडेपाच इंचांचा पडतो. आतल्या बाजूचं एवढं जास्तीचं कापड कुठेतरी जायलाच हवं, म्हणून त्याच्या चुण्या पडतात. सुती कापड असतं तर इस्त्रीनं थोडं जिरलं असतं. जरीचा काठ जिरत नाही, तो उभा राहतो. चुण्यांमध्ये पोपटाची मान दुमडली जाते, शेपूट तिसरीकडेच निघते. शिवलेल्या ब्लाउजवर हे ओळखायचं असेल तर गोलाईच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. दर अर्ध्या-पाऊण इंचावर गाठीसारखा उंचवटा लागला तर काठ जबरदस्तीनं वळवलेला आहे.

म्हणून मटका हवाच असेल तर काठ फक्त बाह्यांना ठेवा आणि गळ्याला पायपिंग करा. पायपिंगची पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेत कापतात, त्यामुळे ती गोलाईवर आपोआप वळते. सोनेरी टिश्यूची किंवा पोपटांच्या हिरव्या रंगाची पायपिंग जांभळ्यावर फार छान उठते. अशा वेळी दोन्ही कडांचा उरलेला काठ नुसताच राहतो. या साडीवर मला ते पटत नाही. तिचं सगळं वैभव काठात आहे आणि पाठीवर त्याचा मागमूस नाही.

दुसरं स्केच: काठाची चौकट

इथे रेषा सरळ आहेत आणि काठ सरळ रेषेतच खुलतो. मापं तपासून पाहू.

स्केचमध्ये मागचा चौकोन सहा इंच रुंद आणि आठ इंच खोल आहे. भोवती पूर्ण साडेतीन इंचांचा काठ दाखवला आहे. सहा इंच गळा आणि दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मिळून तेरा इंच झाले. खांदा चौदाचा. म्हणजे खांद्यावर जांभळा रंग अर्धा-अर्धा इंचच दिसेल. खाली आठ अधिक साडेतीन, साडेअकरा इंचांवर काठ संपेल आणि त्याखाली अडीच इंच जांभळं राहील. एवढ्या पाठीवर चौकट दिसत नाही, नुसता जरीचा पत्रा दिसतो. वजनही वाढतं आणि दुपारच्या उन्हात ते जाणवतं. त्यात लांबीही पुरत नाही. एका बाजूची उभी पट्टी आणि खालच्या पट्टीचा अर्धा भाग मिळून, माया धरून, १९ इंच लागतात आणि आपल्याकडे एका कडेला आहेत १६.

यावर तोडगा काठातच आहे. साडेतीन इंचांच्या काठात पोपटांची रांग आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक रेघा धरून पावणेदोन इंच होतात. तेवढीच पट्टी घ्यायची. जरीचा काठ उभा कापताना आधी मागून पातळ फ्युजिंग चिकटवून घ्यायला सांगा, नाहीतर कापल्याबरोबर जरीचे धागे सुटायला लागतात. इस्त्री मंद ठेवायची आणि जरीवर सुती कापड टाकून फिरवायची. जास्त तापली तर जरीचा रंग काळपट पडतो.

आता चौकट बसवू. गळ्याची खोली आठऐवजी सात केली. उभी पट्टी सात अधिक पावणेदोन म्हणजे पावणेनऊ. खालच्या पट्टीचा अर्धा भाग तीन अधिक पावणेदोन म्हणजे पावणेपाच. दोन्ही मिळून साडेतेरा, एक इंच माया धरून साडेचौदा. प्रत्येक कडेला १६ आहेत, दीड इंच शिल्लक. ही शिल्लक मी मुद्दाम ठेवली आहे. कोपऱ्यात पट्टी ४५ अंशांत दुमडावी लागते आणि ती घडी दोन पोपटांच्या मधल्या जागेत यायला हवी. पट्टी एक-दीड इंच वर-खाली सरकवायला जागा असली तरच ते जमतं. खोली आठ इंच ठेवली तर जेमतेम अर्धा इंच उरतो आणि मग घडी जिथे पडेल तिथे पडते, बहुधा एखाद्या पोपटाच्या पोटावर.

कोपऱ्यात पट्टी तोडू नये. सलग ठेवून फक्त घडी घालावी आणि मागचं जास्तीचं कापड पाव इंच ठेवून कापून टाकावं, म्हणजे जाड होत नाही. दोन्ही कडांच्या दोन पट्ट्या खाली मधोमध जोडल्या जातात. दोन कडांतल्या पोपटांची तोंडं एकमेकांच्या उलट असल्यानं हा जोड दोषासारखा दिसत नाही. तिथून एक रांग डावीकडे निघते, एक उजवीकडे, कोपऱ्यात वळते आणि दोन्ही खांद्यांकडे चढत जाते. पोपटांचे पाय गळ्यापासून लांबच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीत ते सरळ उभे दिसतात. समजा बाह्या एकाच कडेतून कापल्या असत्या, तर सलग ३१ इंचांत ही चौकट जोड न देताही बसली असती. पण मग एका खांद्याकडे पोपट चढताना आणि दुसऱ्या खांद्यावरून उतरताना दिसले असते.

चौकटीखाली सव्वापाच इंच जांभळी पाठ राहते. मागचे टक्स कमरेपासून साडेचार इंचांपर्यंत घ्यायचे, म्हणजे ते काठाला लागत नाहीत. टक्स काठाखाली घुसले तर चौकटीची खालची रेघ मध्ये वर उचलली जाते.

पुढच्या चौकोनी गळ्याला काठ लावू नका. पदर डाव्या खांद्यावर आला की पुढचा बराचसा भाग झाकला जातो आणि आपल्याकडे तेवढा काठही नाही. बारीक पायपिंग पुरे. पुढे सहा इंच रुंद आणि सहा ते साडेसहा इंच खोल ठेवला, म्हणजे खांद्यावर पुढची-मागची रुंदी जुळते. चौकोनी गळ्याची खरी परीक्षा हुकपट्टीवर होते. सरळ आडवी रेघ मधोमध दोन भागांत विभागलेली असते आणि वरचा हुक जरा खाली लागला तरी एक बाजू वर चढलेली दिसते. पहिला हुक अगदी वरच्या कडेला लावायला सांगा आणि ट्रायलच्या वेळी पदर बाजूला करून आरशात तेवढंच बघा.

दागिन्यांच्या बाबतीत हा गळा पैठणीला फार मानवतो. ठुशी गळ्यालगत बसते, तिच्याखाली तन्मणीला मोकळी जागा मिळते. बोट नेकवर ठुशी नेमकी कापडाच्या कडेला येऊन टेकते आणि दोघींचीही शोभा जाते.

तिसरं स्केच: उभी पट्टी

हे स्केच पाहून बऱ्याच जणी "साधंच आहे" म्हणून बाजूला ठेवतात. माझ्या मते ते घाईचं होतं. पाठीच्या कण्याची रेघ जवळजवळ सरळ असते, त्यामुळे काठ इथे निमूटपणे बसतो. घडी नाही, कोपरा नाही. मागचे टक्स मध्यापासून साडेतीन इंचांवर येतात आणि पट्टी मध्यापासून पावणेदोन इंचांपर्यंतच असते, म्हणजे फिटिंगच्याही आड येत नाही.

स्केचमध्ये पूर्ण साडेतीन इंचांचा काठ उभा लावलेला आहे. तसं केलं तर सगळ्या पोपटांचे पाय एकाच बाजूला येतात आणि पाठ एका अंगाला कललेली वाटते. त्यापेक्षा दोन्ही कडांतून पावणेदोन इंचांची एकेक पट्टी घ्यायची आणि पाठीच्या मध्यावर जोडायची. रुंदी तीच साडेतीन, पण दोन्ही रांगा समोरासमोर येतात आणि वर चढतात. मागचा गोल गळा चार इंच खोल असेल तर पट्टीला दहा इंच आणि माया मिळून साडेअकरा इंच लागतात. कडेला १६ आहेत, म्हणजे निवांत. पोपट एका पातळीत यावेत म्हणून पट्ट्या सरकवायलाही भरपूर जागा मिळते. दोन्हीकडचे पोपट पाव इंचानेही वर-खाली झाले तर तेच आधी डोळ्यात भरतं, म्हणून शिवणीआधी टाचण्या नव्हे, कच्चे टाके घालून बघायला सांगा. रेशमावर टाचणीचं भोक राहतं.

पुढचा पानगळा साडेपाच इंच रुंद आणि साडेसहा खोल, मागचा गोलही साडेपाच रुंद. खांदा जुळतो. पानगळ्याचं टोक हुकपट्टीवरच येतं, त्यामुळे चौकोनासारखी रेघ वर-खाली होण्याचा त्रास नाही. पाठ झाकलेली राहते, ब्लाउज खांद्यावरून हलत नाही आणि दिवसभर कुठेही ओढावं लागत नाही. ज्यांना मुहूर्तापासून वरात निघेपर्यंत उभं राहायचं आहे, त्यांना हे फार महत्त्वाचं आहे.

पदर आणि केस

स्केचमध्ये पाठ मोकळी असते. नेसल्यावर तशी राहत नाही. पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्यावर पिन केलं तर डावा खांदा आणि पाठीचा डावीकडचा भाग झाकला जातो, मधली रेघ आणि उजवी बाजू दिसत राहते. पैठणीचा पदर मात्र बऱ्याच जणी मोकळा सोडतात, कारण त्यावरचे मोर दाखवायचे असतात. मग अर्ध्याहून जास्त पाठ पदराखाली जाते. चौकट अर्धी दिसली तरी तिचा आकार कळतो, कारण उजवा कोपरा आणि उजवी उभी पट्टी समोर राहते. उभी पट्टी पदराच्या कडेवर अर्धी कापली गेली तर तिचा अर्थच जातो. मटका अर्धा झाकला की नुसती एक गोलाई दिसते आणि लटकन पदरात अडकतं, कधी जरीचा धागाही ओढतं.

केसांचंही तसंच. खोपा किंवा अंबाडा घालून गजरा माळणार असाल तर मागचं डिझाइन पूर्ण दिसेल. लांब वेणी घालणार असाल तर ती नेमकी उभ्या पट्टीवर येईल.

माझा कौल

या साडीला मी दुसरं स्केच देईन. बदल दोन: चौकटीची पट्टी साडेतीनऐवजी पावणेदोन इंचांची आणि खोली आठऐवजी सात. पदर मोकळा सोडा किंवा पिन करा, केस बांधलेले असतील तर काठ पाठीवर छान बोलतो. पदर पिनच करणार असाल, केस वर बांधणार असाल आणि उघडी पाठ नको असेल, तर तिसरं घ्या, फक्त पट्टी दोन भागांत जोडून. शिवणाऱ्याच्या हाताची खात्री नसेल तरीही तिसरंच घ्या. चौकटीचे दोन कोपरे चुकले की लपवता येत नाहीत. उभ्या पट्टीत चुकण्याजोगं फारसं काही नाही.

पहिलं स्केच वाईट नाही, ते या साडीचं नाही. काठ इंचभराचा असेल, पीस नुसता प्लेन असेल किंवा साडीचं सौंदर्य अंगभर पसरलेल्या बुट्ट्यांत असेल, तर मटका आणि उरेब पायपिंग हीच जोडी शोभेल. तेव्हाही पुढे बोट नेक न ठेवता साडेपाच-सहा इंच रुंदीचा गोल किंवा पानगळा घ्या, म्हणजे खांदा धरून राहील. याउलट तुमचा काठ पाच-सहा इंचांचा असेल आणि त्यातली एखादी ओळ वेगळी काढता येत नसेल, तर पाठीवर काठ लावायच्या भानगडीत पडू नका. कोपरापर्यंतच्या बाहीवर तो पूर्ण रुंदीनं येऊ द्या आणि पाठ साधी ठेवा.

टेलरकडे काय द्यायचं

नुसतं चित्र देऊ नका. आधी घरी जुन्या, नीट बसणाऱ्या ब्लाउजच्या पाठीवर वर्तमानपत्राच्या पावणेदोन इंचांच्या पट्ट्या चिकटवा आणि कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. रुंदी जास्त वाटते की कमी, हे तिथेच कळतं. मग स्केचवर आकडे लिहा: गळ्याची रुंदी पुढे आणि मागे, दोन्हींची खोली, पट्टीची रुंदी. पोपटांची तोंडं कुठे हवीत ते बाणानं दाखवा. बाह्यांच्या शेजारी ठळक लिहा, "दोन बाह्या दोन वेगळ्या कडांतून". कापण्याआधी पीसवर खडूनं मांडणी करून दाखवायला सांगा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही, उलट त्याचीही जबाबदारी हलकी होते.

अस्तर सुती घ्या आणि शिवण्याआधी ते पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं आणि रेशीम तसंच राहिलं, तर काठाच्या कडेला सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीनं जात नाहीत. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया आत ठेवायला सांगा. काठाचे उरलेले तुकडे मात्र परत मागून घ्या. बाहीवरची जरी कधी उसवली तर त्याच काठाचा तुकडा बाजारात मिळत नाही.